सेकंडहँड लॅपटॉप घेताय? पहिल्या तासात काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

सेकंडहँड लॅपटॉप बघायला गेलं की बहुतेक जण आधी झाकणावरचे ओरखडे बघतात, मग बॅटरी किती तास चालते ते दुकानदारालाच विचारतात, मग एखादा व्हिडिओ लावून आवाज येतोय का बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. माझ्या मते हा क्रम पूर्ण उलटा आहे. ओरखड्याने कुणाचं काही अडत नाही, बॅटरी नवीन टाकता येते, एसएसडी बदलता येते, कीबोर्डसुद्धा बदलता येतो, पण बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, आधीच्या कंपनीचा पासवर्ड असेल किंवा लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या नावावर रजिस्टर असेल तर ते मशीन पैसे देऊनही पूर्ण तुमचं होत नाही. म्हणून साधा नियम धरा, जे नंतर दुरुस्त होणार नाही ते आधी तपासायचं आणि जे बदलता येतं ते शेवटी, आणि त्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्यायचे.

इथे मी एकच मॉडेल धरून सगळं सांगतो, लेनोवो थिंकपॅड टी४८०. हे २०१८ चं मशीन, कंपन्यांनी घाऊक घेतलं आणि नंतर घाऊकच काढलं, त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत सगळीकडे मिळतं. रॅमचे दोन स्लॉट, उघडायला सोपं, पार्ट मिळतात. डेल लॅटिट्यूड किंवा एचपी एलिटबुक घेत असाल तरी तपासणी हीच, फक्त बायोसची बटणं आणि मेनूची नावं बदलतात.

जाण्याआधी: प्रोसेसरचा नंबर आणि एक फोन

"आय५ आहे" एवढं ऐकून कुठेही जाऊ नका. आय५ गेली कित्येक वर्षं येतोय, त्यावरून काहीच कळत नाही. पूर्ण नंबर मागा. टी४८० मध्ये साधारण `i5-8250U` किंवा `i5-8350U` असतो, त्यातला डॅशनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. हा आकडा आत्ता महत्त्वाचा आहे कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ ला अधिकृत सपोर्ट साधारण आठव्या पिढीपासून पुढे आहे. बाजारात `i5-7300U` वाली मशीनं थोडी स्वस्त मिळतात आणि त्यांवर विंडोज ११ चालूसुद्धा दिसतं, कारण इन्स्टॉल करताना तपासणी चुकवून ते टाकता येतं. दुकानात छान चालेल. पण मायक्रोसॉफ्टच्या लेखी ते मशीन सपोर्टमध्ये नाही आणि पुढच्या मोठ्या अपडेटला काय होईल याची हमी कुणी देत नाही. लिनक्स टाकणार असाल तर सातवी पिढी खुशाल घ्या, विंडोजसाठी घेत असाल तर आठवीच्या खाली जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं काम म्हणजे निघण्याआधी विक्रेत्याला एक फोन. तो असा करायचा:

"दादा, तो टी४८० बघायला येतोय. एक काम करा ना, विंडोज पूर्ण रिसेट करून ठेवा, आणि सेटअपची पहिली स्क्रीन येते ना देश विचारणारी, तिथेच सोडा. पुढचं मी आल्यावर करतो."

"अहो सगळं टाकून रेडी आहे, ऑफिसपण टाकलंय."

"हो, पण मला कोरंच पाहिजे. प्रो एडिशनच ठेवा, होम नको."

हे का ते पुढे येईल, पण हा फोन टाळू नका. रिसेटला अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि तो दुकानात उभं राहून घालवण्यात अर्थ नाही. शिवाय चांगला विक्रेता याला हो म्हणतो, त्याला काही फरक पडत नाही. उगाच टाळाटाळ करायला लागला तर तिथेच थोडं सावध व्हा.

सोबत काय न्यायचं? एक पेनड्राइव्ह, त्यात `CrystalDiskInfo`, `HWiNFO` आणि `CPU-Z` या मशीन तपासायच्या प्रोग्रॅमच्या पोर्टेबल कॉप्या, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या. मोबाइलमध्ये हॉटस्पॉटपुरता डेटा. जॅकवाला हेडफोन. घरी टाइप-सी लॅपटॉप चार्जर असेल तर तोही. बस.

पहिली १० मिनिटं: बायोस

लॅपटॉप हातात घेतल्यावर तो सुरू करायच्या आधी उलटा करा. खाली स्टिकरवर सीरियल नंबर आणि मशीन टाइप असतो, टी४८० चा टाइप `20L5` किंवा `20L6` ने सुरू होतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढा. तसंच लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे टेकतायत का बघा आणि टचपॅडवरून बोट फिरवा, मधे फुगवटा लागला किंवा टचपॅडचं क्लिक बसत नसेल तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. फुगलेली बॅटरी धोक्याची असते, ते मशीन चार्जिंगला लावून पुढची टेस्ट करत बसू नका, आधी बॅटरी बदलून द्या म्हणावं.

आता सुरू करा आणि लेनोवोचा लोगो आला की एंटर दाबा, मग `F1`. (डेलला `F2`, एचपीला `F10`.) इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, `Main` पानावरचा सीरियल नंबर खालच्या स्टिकरशी जुळतो का. जुळत नसेल किंवा तिथे `INVALID` वगैरे काही लिहिलं असेल तर मदरबोर्ड बदललेला आहे किंवा खालचं कव्हर दुसऱ्या मशीनचं आहे. बोर्ड बदलणं हा गुन्हा नाही, पण ते आधी सांगायला पाहिजे होतं आणि किंमत तशी पाहिजे. याच नंबरने लेनोवोच्या सपोर्ट साइटवर ते मशीन मुळात कुठल्या कॉन्फिगरेशनने निघालं, कधी, वॉरंटी कधी संपली हे मोबाइलवर दोन मिनिटांत दिसतं.

दुसरी, सुपरवायझर पासवर्ड. इथे लोक फसतात, कारण थिंकपॅडला हा पासवर्ड असला तरी पासवर्ड विचारल्यावर नुसतं एंटर दाबलं की बायोस उघडतं आणि बघणाऱ्याला वाटतं काही लॉक नाही. उघडतं खरं, पण नुसतं बघण्यापुरतं, बरेचसे ऑप्शन फिके दिसतात आणि बदलता येत नाहीत. म्हणून `Security` मध्ये `Password` खाली जाऊन `Supervisor Password` समोर `Disabled` आहे का ते डोळ्यांनी वाचा, आणि एखादं साधं सेटिंग खरंच बदलतंय का करून बघा, सेव्ह न करता बाहेर पडलात तरी चालेल. "बॅटरी काढून ठेवली की जातो पासवर्ड" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड छोटा सेल काढून जात नाही, लेनोवोचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला हेच आहे. चिप प्रोग्रॅमर लावून काढणारे कारागीर आहेत, पण ती जोखीम तुम्ही का घ्यायची?

तिसरी, तिथेच `Security` मध्ये `Computrace` किंवा `Absolute` नावाचा भाग असतो. कंपन्या चोरी झालेला लॅपटॉप शोधायला आणि दुरून लॉक करायला हे वापरतात. `Current Setting` मध्ये `Enabled` दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ते नव्या मशीनलाही तसंच येतं. बघायचंय ते `Current State`. तिथे `Not Activated` पाहिजे. `Activated` दिसलं तर मूळ कंपनीने ते मशीन अजून सोडलेलं नाही, कितीही स्वस्त असलं तरी उठा आणि निघा.

पुढची १५ मिनिटं: मशीन कंपनीच्या नावावर आहे का

आता त्या फोनवरच्या विनंतीचं कारण. हल्ली मोठ्या कंपन्या लॅपटॉप घेतानाच मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नावाच्या सोयीत त्याची नोंद करतात. ही नोंद हार्ड डिस्कवर नसते, मशीनच्या हार्डवेअरची एक ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर कंपनीच्या खात्यात जाऊन बसते. त्यामुळे एसएसडी बदला, विंडोज पुसून नवीन टाका, काही उपयोग नाही. ज्या क्षणी कोरं विंडोज प्रो सेटअप करताना इंटरनेटला जोडलं जातं त्या क्षणी ते सर्व्हरला विचारतं हे मशीन कुणाचं, आणि उत्तर आलं की स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव आणि "तुमचा ऑफिसचा ईमेल टाका" अशी पाटी येते. पुढे जाता येत नाही.

विक्रेत्यांना यातून वाट काढता येते, इंटरनेट न जोडता सेटअप पूर्ण करायचा किंवा होम एडिशन टाकायचं, कारण ऑटोपायलट होमवर चालत नाही. मग तुम्हाला "रेडी" लॅपटॉप मिळतो, सहा महिने मस्त चालतो, आणि एखाद्या दिवशी काही बिघडलं म्हणून तुम्ही रिसेट करता आणि कुठल्यातरी अनोळखी कंपनीचं लॉगिन पान समोर येतं. तेव्हा दुकानदार फोन उचलत नाही. सगळ्याच विक्रेत्यांच्या मनात काळंबेरं असतं असं नाही, लॉटमध्ये ३०० मशीनं आली की कित्येकदा त्यांनाही माहीत नसतं. कंपनीच्या आयटी खात्याने मशीन विकताना नोंद काढायची राहून गेली, एवढंच झालेलं असतं. पण ती नोंद तेच काढू शकतात, तुम्ही नाही आणि दुकानदारही नाही.

तर देश आणि कीबोर्ड निवडा, वायफायच्या पानावर आपला हॉटस्पॉट जोडा आणि थांबा. थोडा वेळ अपडेट तपासतं, कधी एकदोनदा रिस्टार्ट होतं, होऊ द्या. त्यानंतर जर "घरगुती वापर की ऑफिस किंवा शाळा" असं विचारणारं पान आलं, स्क्रीनवर त्याचं वाक्य `How would you like to set up this device?` असं असतं, तर मशीन कुणाच्या नावावर नाही. हे पान दिसलं की माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. कंपनीच्या नावाचं पान आलं तर व्यवहार तिथेच संपला, "उद्या काढून देतो" वर पैसे देऊ नका, उद्या काढून झालं की उद्या घ्या.

दुकानातल्या मशीनवर आपलं मायक्रोसॉफ्ट खातं टाकायची गरज नाही. त्याच पानावर ऑफिस किंवा शाळा निवडा, `Sign-in options` मध्ये `Domain join instead` असतं, त्यावरून साधं लोकल खातं बनतं. तेवढं बाकीच्या टेस्टला पुरतं.

डेस्कटॉप आला की एक छोटी गोष्ट लगेच करून घ्या, स्टार्टमध्ये `cmd` शोधा, राइट क्लिक करून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाका:

```
slmgr /xpr
```

"कायमचं अॅक्टिव्हेट झालंय" अशा अर्थाचा मेसेज, म्हणजे `permanently activated`, आला तर चांगलं. पुढची एखादी तारीख दाखवून त्या दिवशी संपेल असं म्हणत असेल तर जुगाड करून अॅक्टिव्हेट केलेलं आहे किंवा ते एखाद्या संस्थेचं लायसन्स आहे. टी४८० बहुतेक करून विंडोज १० प्रो घेऊनच कारखान्यातून निघालेला असतो आणि त्याचं लायसन्स मशीनच्या फर्मवेअरमध्ये असतं, त्यामुळे कोरं विंडोज ११ प्रो टाकून नेट जोडलं की ते आपोआप अॅक्टिव्हेट व्हायला पाहिजे. लायसन्सचे वेगळे पैसे मागितले तर का ते विचारा.

स्क्रीन आणि गरम होणं

लॉकच्या भानगडी संपल्या, आता ज्या गोष्टी बदलता येतात पण महाग पडतात त्या. टी४८० दोन प्रकारच्या साध्या स्क्रीनमध्ये येतो, १३६६ बाय ७६८ ची आणि १९२० बाय १०८० ची. पहिली अगदी फिकी असते, जरा बाजूने बघितलं की रंग उलटे दिसतात, आणि जाहिरातीत ही माहिती हमखास गाळलेली असते. डिस्प्ले सेटिंगमध्ये रेझोल्यूशन वाचा. मग ब्राइटनेस पूर्ण करून पांढरं पान फुल स्क्रीन करा, जमलं तर दुकानातला लाइट बंद करायला सांगा. पांढऱ्यावर उजळ ठिपके दिसले तर झाकणावर कधीतरी दाब पडलाय, बॅगेत कोंबलेल्या मशीनचं हे नेहमीचं लक्षण. एकदोन पुसट ठिपके मी चालवून घेतो. रेघ असेल, किंवा झाकण हळूहळू मागेपुढे करताना चित्र लुकलुकत असेल तर नाही, कारण मग केबल किंवा पॅनेल जातंय आणि ते वाढतच जाणार.

आता उष्णता. नुसतं यूट्यूब लावून हे कळत नाही, प्रोसेसरला पूर्ण लोड द्यावा लागतो. `HWiNFO` उघडून तापमान दिसेल असं ठेवा, शेजारी `CPU-Z` उघडा, त्याच्या `Bench` टॅबमध्ये `Stress CPU` बटण आहे, ते दाबा आणि १० ते १५ मिनिटं चालू द्या, चार्जर लावून. तेवढ्या वेळात मोकळे बसू नका, पुढची कीबोर्डची तपासणी करत राहा.

काय दिसायला पाहिजे? सुरुवातीला तापमान भर्रकन ८०-९० च्या घरात जातं आणि वेग ३ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो, मग मशीन स्वतःच वेग थोडा उतरवून तापमान आटोक्यात आणतं. पातळ लॅपटॉपमध्ये हे नॉर्मल आहे, ९० बघून घाबरू नका. बघायचं ते हे की वेग उतरून कुठे स्थिर होतो. `i5-8250U` चा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आणि `i5-8350U` चा १.७. त्याच्या वर २ च्या पुढेमागे स्थिरावला तर ठीक. त्याच्याही खाली गेला आणि तापमान १०० ला टेकून राहिलं तर फॅनमध्ये धूळ आहे किंवा थर्मल पेस्ट वाळलीय, हे तासाभराचं आणि कमी खर्चाचं काम आहे, विक्रेत्याकडूनच करून घ्या आणि परत टेस्ट करा. पण मधेच मशीन बंद पडलं तर सोडून द्या.

एक वेगळाच प्रकार असा की तापमान ५०-६० आहे, गरम बिलकुल नाही, आणि तरी वेग ०.४ गिगाहर्ट्झवर अडकलेला, मशीन गोगलगाय झालेलं. हा बहुधा चार्जर, बॅटरी किंवा बोर्डावरच्या सेन्सरचा दोष असतो. आधी दुसरा ओरिजिनल चार्जर लावून बघा. डेलमध्ये तर चार्जर ओळखला गेला नाही की वेग मुद्दाम कमी केला जातो आणि सुरू होतानाच तसा मेसेज येतो. चार्जर बदलून सुटलं तर चार्जर बदलून मागा. नाही सुटलं तर ते बोर्डाचं दुखणं आहे.

कीबोर्ड, पोर्ट, एसएसडी

हे पटापट. नोटपॅड उघडून प्रत्येक की दोनदा दाबा, कोपऱ्यातल्या आणि बाणाच्या कीसुद्धा, थिंकपॅडच्या लाल टिपक्यालाही हलवून बघा, हात काढल्यावर कर्सर आपोआप सरकत असेल तर कीबोर्ड बदलायला झालाय. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह लावा आणि लावल्यावर जरा हलवा, कनेक्शन तुटत असेल तर पोर्ट सैल आहे. हेडफोन, कॅमेरा, माइक, वायफाय, ब्लूटूथ, प्रत्येकी अर्धं मिनिट.

टी४८० मध्ये दोन टाइप-सी पोर्ट आहेत आणि चार्जिंग दोन्हींतून होतं. चार्जर दोन्हींत लावून बघा. या काळातल्या थिंकपॅडच्या थंडरबोल्ट फर्मवेअरमध्ये, म्हणजे टाइप-सी पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, असा दोष होता की पोर्ट हळूहळू काम करेनासा होतो, लेनोवोने त्याचं अपडेट काढलंय. म्हणून पोर्ट आज चालत असला तरी घरी नेल्यावर लेनोवोच्या साइटवरून ते थंडरबोल्ट फर्मवेअरचं अपडेट पहिल्याच दिवशी टाका. एकच पोर्ट चार्ज करत असेल तर मी ते मशीन घेणार नाही, राहिलेला एकही गेला की चार्जिंगच संपलं.

`CrystalDiskInfo` मध्ये एसएसडीची हेल्थ टक्क्यांत आणि किती तास चालली ते दिसतं. इथे शंभर टक्के हेल्थपेक्षा नाव बघा. कधीच न ऐकलेल्या नावाची, चार तास चाललेली नवी एसएसडी टाकलेली असेल तर ती हेल्थ १०० दाखवणारच, पण ती किती टिकेल कुणास ठाऊक, त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीची ८५ टक्केवाली मी आनंदाने घेतो. रॅम टास्क मॅनेजरमध्ये दिसते, किती जीबी आणि दोनपैकी किती स्लॉट भरलेत. एकच भरलेला असेल तर उत्तम, पुढे वाढवायला जागा आहे.

बॅटरी: इथे जरा हिशोब करू

बॅटरी शेवटी, कारण ती बदलता येते, पण किंमत पाडायला सगळ्यात जास्त उपयोग हिचाच. टी४८० मध्ये दोन बॅटऱ्या असतात, एक आत पक्की आणि एक मागे खटके सरकवून निघणारी. अॅडमिनिस्ट्रेटर कमांडमध्ये:

```
powercfg /batteryreport /output C:\battery.html
```

ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. विंडोज कोरं असलं तरी हे आकडे बॅटरीच्या चिपमधून येतात, त्यामुळे ते मिळतातच. आमच्या सोसायटीतल्या एका मुलीसाठी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला टी४८० बघत होतो, तिथे असं दिसलं. आतली बॅटरी, `DESIGN CAPACITY` साधारण २४,००० मिलीवॉट-तास, `FULL CHARGE CAPACITY` १५,६००, म्हणजे ६५ टक्के उरलेली. चार्जिंगच्या सायकल ४०० च्या वर. जुनी आहे पण खरं बोलतेय. बाहेरची बॅटरी, डिझाइन २४,०००, फुल चार्ज बरोबर २४,०००, सायकल शून्य. दुकानदार तिला म्हणाला, "मॅडम, बाहेरची एकदम नवीन टाकलीय."

नवीन होती हे खरं, पण लोकल कंपॅटिबल. अशा काही बॅटऱ्यांची चिप आकडे ठोकून देते, रिपोर्टवर विश्वास ठेवता येत नाही. मग चालवूनच बघायचं. चार्जर काढला, ब्राइटनेस निम्मा, एक व्हिडिओ लावला. `HWiNFO` मध्ये बॅटरीतून किती वॉट जातायत ते दिसतं, साधारण ८ वॉट दिसत होते. टी४८० आधी बाहेरची बॅटरी वापरतो, मग आतली. आता ८ वॉटने २० मिनिटं म्हणजे एक तृतीयांश तास, म्हणजे खर्च झाले सुमारे २.७ वॉट-तास. बॅटरी खरंच २४ वॉट-तासांची असेल तर तिची टक्केवारी ११ च्या आसपास उतरायला पाहिजे. इथे उतरली २५. म्हणजे तिच्यात खरी ताकद २.७ भागिले ०.२५, साधारण ११ वॉट-तास, रिपोर्टच्या निम्म्याहूनही कमी. कागदावर दोन्ही मिळून पाच तास दिसत होते, प्रत्यक्षात सव्वातीन. हा हिशोब दुकानदारासमोर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केला आणि चांगल्या बॅटरीची किंमत भावातून कमी करून घेतली. वाद झाला नाही, कारण आकडे त्याच्याच स्क्रीनवर होते.

टक्केवारी फार वरच्या टोकाला असताना ही टेस्ट फसवी येऊ शकते, ९० च्या खाली आल्यावर मोजायला सुरुवात करा. आणि ४० वरून एकदम ५ वर उडी मारली तर त्या बॅटरीची किंमत शून्य धरा.

आणखी एक टेस्ट अशा दोन बॅटऱ्यांच्या मॉडेललाच जमते आणि ती मला फार आवडते. सगळं सेव्ह करून, चार्जर काढलेला असताना, मागची बॅटरी खटके सरकवून काढून घ्या. लॅपटॉप चालूच राहायला पाहिजे, कारण आतली बॅटरी लगेच भार घेते. धप्पकन बंद पडला तर आतली बॅटरी मेलेली आहे, रिपोर्ट काहीही म्हणो.

पैसे देण्याआधी

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, तोच जो बायोसमध्ये बघितला. पुढे पोलिस चौकशी आली किंवा वॉरंटीवरून बोलणं झालं तर नुसतं "लेनोवो लॅपटॉप १ नग" लिहिलेल्या बिलाचा काही उपयोग नाही. विक्रेत्याची वॉरंटी किती दिवस, आणि त्यात मदरबोर्ड येतो का, हेही बिलावरच लिहायला लावा. शिवाय एक ओळ मागा: मशीन कंपनी लॉक किंवा ऑटोपायलटमध्ये निघाल्यास पैसे परत. खासगी माणसाकडून घेत असाल तर त्याच्या मूळ बिलाची कॉपी आणि साध्या कागदावर सही.

ऑनलाइन रिफर्बिश्ड मागवला असेल तर पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि हाच क्रम घरी करा, फक्त विंडोज आधी स्वतः पेनड्राइव्हवरून कोरं टाका. परत करायची मुदत कधीपासून मोजतात ते ऑर्डरवर वाचून ठेवा आणि ती संपायच्या आत किमान एक रात्र `mdsched` टाकून रॅमची टेस्ट लावा, ती सुरू झाली की `F1` दाबून `Pass Count` 0 करा आणि `F10` दाबा म्हणजे ती रात्रभर चालत राहते, कारण खराब रॅम तासाभरात पकडली जाईलच असं नाही. दुकानातून घेतलेल्या मशीनलाही हीच रात्रीची टेस्ट लावा, आणि विक्रेत्याने टाकलेल्या विंडोजवर बँकेचं काही उघडू नका, आधी आपल्या हाताने कोरं विंडोज टाका, मगच.